पथ्याची पिशवी

“घरी पेशंट आहे, डॉक्टर म्हणालेत हलकं काहीतरी द्या. तर काय घेऊन जाऊ?” हा प्रश्न किराणा दुकानदाराला आणि मेडिकलवाल्याला दिवसातून कितीदा तरी ऐकावा लागतो. मग विचारणारा पिशवीत काय काय भरून नेतो? ग्लुकोज बिस्किटं, ग्लुकोज पावडर, फळांच्या रसाचे खोके, ब्राउन ब्रेड, ओट्स, कुठलं तरी ‘एनर्जी’ लिहिलेलं पेय आणि वर सफरचंदं. पाचशे-सातशे रुपये जातात. आजाऱ्याला खरोखर उपयोगी पडेल असं त्यात फारसं काही नसतं आणि एक-दोन वस्तू तर त्रास वाढवणाऱ्या निघतात.

हलकं म्हणजे नेमकं काय, हे डॉक्टर सहसा सांगत नाहीत. त्यांना वेळ नसतो आणि आपणही विचारत नाही. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ, मग दुकानात जाऊ.

१. ताप वेगळा, पोट वेगळं

तापातून उठलेला माणूस आणि जुलाबातून उठलेला माणूस दिसायला सारखेच दिसतात. गालफडं बसलेली, तोंडाला चव नाही, दोन पावलं टाकली की दम. पण आतली गोष्ट निराळी असते.

तापात शरीर जास्त इंधन जाळतं. अंगाचं तापमान एक अंश सेल्सियसने चढलं, की शरीराचा बसल्या जागचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. त्याच वेळी भूक मेलेली असते. म्हणजे खर्च वाढला आणि आवक थांबली. अशा माणसाची आतडी बहुधा धड असतात, फक्त मंदावलेली असतात. त्याला थोडं थोडं, पण लवकरात लवकर पोटभरीचं अन्न हवं असतं. वरण-भात, दूध, खात असेल तर उकडलेलं अंडं, सगळं चालतं. (मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉइडची गोष्ट वेगळी. तो आतड्यालाच धरतो, तिथे डॉक्टर सांगतील तेच खरं.)

जुलाबात आतड्याचं अस्तरच दुखावलेलं असतं. या अस्तरावर बारीक बारीक लव असते आणि लवेच्या टोकांवर साखर पचवणारे पाचकरस असतात. दुधातली साखर पचवणारा रस अगदी टोकाला असतो, म्हणून आजारात तो आधी जातो आणि बरं होताना सगळ्यांत शेवटी परत येतो. जुलाब थांबल्यावर काही दिवस कपभर दूध प्यायलं तरी पोटात गुडगुडतं, ते यामुळे. दह्यात आणि ताकात ही साखर विरजणाने थोडी आधीच खाल्लेली असते, म्हणून ते सोसतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र कधीच तोडायचं नाही.

तर हलकं अन्न म्हणजे आतड्याला कमी काम देणारं अन्न. चांगलं शिजलेलं, तेल कमी, कोंडा कमी, साखर कमी. एरवी ज्यांचं आपण कौतुक करतो ती हातसडीचा तांदूळ, ओट्स, मल्टिग्रेन बिस्किटं, कच्ची कोशिंबीर या चार दिवसांत दाराबाहेर ठेवावीत. पांढऱ्या तांदळाला नावं ठेवणाऱ्यांनी निदान एवढा आठवडा गप्प बसावं.

२. मेडिकलच्या काउंटरवर

जुलाब-उलट्यांत पहिली खरेदी अन्नाची नसते, ती ओआरएसची असते. आणि सगळ्यांत मोठा घोटाळाही इथेच होतो.

आतड्यातून पाणी शरीरात शिरतं ते मिठाच्या मागोमाग. मीठ एकटं आलं तर फारसं आत घेतलं जात नाही. ग्लुकोज सोबत असलं की दोघं मिळून आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. फुगडीला दोघी लागतात, तसंच हे. जुलाबाने आतडं बेजार झालेलं असतानाही ही फुगडी चालू असते, हे या औषधाचं मर्म. मात्र जोडी जमायला दोघांचं प्रमाण बरोबर हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम साधं मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. सगळं मिळून साडेवीस ग्रॅमची पुडी.

या पुडीने काय साधलं ते 1971 साली दिसलं. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत दाटीवाटीने राहत होते आणि तिथे कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं. पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं.

आता आजच्या काउंटरवर येऊ. “ओआरएस द्या” म्हटलं की दुकानदार विचारतो, “पावडर देऊ का तयार? तयार घ्या काका, ऑरेंज फ्लेवर आहे, पेशंट आवडीने पितो.” आवडीने पितो यातच सगळं आलं. रंगीत खोक्यातली अनेक पेयं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ ही अक्षरं नावात मिरवत विकली गेली. त्यात साखर भरपूर आणि मीठ जेमतेम असे. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी याविरुद्ध अनेक वर्षं लावून धरलं. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. नाव गेलं, पण पेयं आहेतच आणि ती त्याच फळीवर असतात.

साधा हिशेब करून पाहा. फळांच्या रसाच्या खोक्यात 100 मिलीला साधारण 12 ग्रॅम साखर असते, म्हणजे 200 मिलीच्या पेल्यात 24 ग्रॅम. खऱ्या ओआरएसच्या तेवढ्याच पेल्यात ग्लुकोज असतं 2.7 ग्रॅम. जवळजवळ नऊपट फरक. एवढी साखर दुखावलेल्या आतड्यात उतरली की ती शोषली जाण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब आणखी पातळ होतात. नातेवाईक म्हणतात, “ज्यूस दिला तरी थांबत नाहीत.” ज्यूस दिला म्हणूनच थांबत नसतात, हे लक्षात यायला दिवस जातो. डब्यातल्या ग्लुकोज पावडरचंही तेच. तिच्यात साखर आहे, पुरेसं मीठ नाही. फुगडीतली एकच आली.

पुडी घेताना दोनच गोष्टी बघायच्या. घटकांत वरची चार नावं आहेत का, आणि ती किती पाण्यासाठी आहे. मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते, छोटी चार-साडेचार ग्रॅमची पुडी 200 मिलीची. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घालून देणं ही नेहमीची चूक आहे आणि ती धोक्याची आहे, विशेषतः लहान मुलांना, कारण मीठ पाचपट होतं. चव घेतली की कळतं. नीट झालेलं पाणी डोळ्यांतल्या पाण्याइतपत खारट लागतं, तोंड वाकडं होण्याइतकं नाही. पुडी अर्धी आज, अर्धी उद्या असंही करू नये. आतली पूड सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नाही. लिटरभर करून ठेवावं आणि 24 तासांत संपलं नाही तर ओतून द्यावं.

रात्री दोन वाजता पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने वरचं सारखं केलेला. शिगोशीग चमच्याने सगळं गणित बिघडतं.

शहाळ्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच. शहाळं तापात उत्तम. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं असतं, म्हणून मोठ्या जुलाबात ते ओआरएसच्या जोडीला द्यावं, त्याच्या जागी नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला ते पोटॅशियमच नडतं, तिथे शहाळंही डॉक्टरांना विचारूनच.

३. किराणा दुकानात

इथे खर्च सगळ्यांत कमी आणि उपयोग सगळ्यांत जास्त. घ्यायच्या गोष्टी तीनच आहेत: तांदळाची कणी, मुगाची डाळ आणि साळीच्या लाह्या.

कणी म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ. अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त, आणि पेजेला त्याहून चांगली, कारण बारीक दाणा लवकर शिजून पाण्यात मिळून येतो. आंबेमोहराची कणी मिळाली तर घ्यावी, तिच्या वासानेच आजारी माणूस मान वर करतो. कोकणात आणि गोव्यात पेज उकड्या तांदळाची होते. तो शिजायला वेळ घेतो, पण ज्या घरात तो रोजचा आहे तिथे तोच द्यावा. आजारपणात तोंडाला ओळखीची चव असणं हेही निम्मं काम करतं. कणी घेताना मूठभर हातात घेऊन चोळावी. तळव्याला पिठूळ पांढरं खूप लागलं आणि कुबट वास आला तर ती जुनाट, किडीने पोखरलेली आहे. दाण्यात सोंडे दिसलेच तर विचारायलाच नको. “आजाऱ्याला जुना तांदूळ” असं घरची मोठी माणसं सांगतात त्यालाही अर्थ आहे. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, फुगतो, म्हणून वाटीभर भातात तांदूळ कमी बसतो. पण त्यासाठी चार दुकानं पालथी घालू नयेत.

डाळ बिनसालाची पिवळी मुगाची. हरभरा, वाटाणा, राजमा यांच्यात काही साखरी अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या हाती लागतात आणि मग पोट फुगतं. मुगात त्या कमी. हिरव्या सालाची डाळ एरवी चांगली, पण साल म्हणजे कोंडाच, ती आठवड्याने. फार चकचकीत, हाताला तेलकट लागणारी डाळ टाळावी.

लाह्यांच्या बाबतीत दुकानदार सर्रास चुरमुरे पुढे करतो. चुरमुरा आधी उकडलेल्या तांदळाचा, मीठ लावून फुगवलेला असतो. साळीची लाही म्हणजे टरफलासकट भात भाजून फोडलेला, पांढरी, वेडीवाकडी उमललेली. ती पाण्यात पडताच विरघळू लागते. पाच मिनिटं गरम पाण्यात भिजवून गाळलेलं तिचं पाणी हे उलटी नुकती थांबलेल्या माणसाला पहिलं अन्न म्हणून आयुर्वेदातही सांगितलं आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या सगळीकडे मिळतात, एरवी पूजेच्या सामानाच्या दुकानात विचारावं लागतं. तिथली पिशवी बऱ्याचदा गेल्या दिवाळीची असते. एक लाही तोंडात टाकून बघावी. कुरकुरली नाही, दाताखाली चामट लागली तर परत द्यावी. आणि घरी आल्यावर ताटात पसरून टरफलं निवडायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकही पिवळं टरफल राहता कामा नये. ते घशात अडकलं की खोकून खोकून उलटी पुन्हा सुरू.

आता जे टाळायचं ते. ग्लुकोज बिस्किटात मैदा, साखर आणि तेल असतं. पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिली तीन नावं वाचली की कळतं. तापातल्या माणसाला चहाबरोबर दोन खाल्ली तर बिघडत नाही, पण त्याला पथ्य म्हणू नये. खारीच्या प्रत्येक पापुद्र्यात चरबी असते. तिच्यापेक्षा साधा टोस्ट बरा. आरारुटाच्या नावाने मिळणारी पांढरी पूड पुष्कळदा मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च असतो. अपाय नाही, पण जास्त पैसे कशाला? नाचणी सत्त्व मात्र चांगलं, जर ते खरं सत्त्व असेल तर. भिजवून, मोड आणून, वाटून, गाळून, चोथा काढून टाकलेलं सत्त्व फिकं आणि मऊ असतं. गडद, खरखरीत पूड असेल तर ते मोड आलेल्या नाचणीचं पीठच, कोंड्यासकट. साखर, दूध पावडर, बदाम घातलेलं तयार मिश्रण जुलाबानंतर नको.

४. तीन दिवसांचा एक हिशेब

समजा, साठीच्या काकांना दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या. मधुमेह नाही, किडनी धड आहे. आज सकाळपासून उलटी नाही, लघवी होते आहे. पिशवीत आणायचं एवढं: ओआरएसच्या लिटरच्या चार पुड्या, पाव किलो कणी, पाव किलो मूगडाळ, 100 ग्रॅम लाह्या, चार पिकलेली केळी, एक कोवळा दुधी, थोडं दही, आल्याचा तुकडा.

पहिल्या दिवशी ओआरएस घोट घोट. दर जुलाबामागे पेलाभर. दोन तास पोटात राहिलं की लाह्यांचं पाणी, मग पेज. अर्धी वाटी कणी धुऊन पाच वाट्या पाण्यात, चिमूट मीठ आणि ठेचलेलं आलं घालून दाणा विरेपर्यंत शिजवायची. चारेक वाट्या पेज होते.

इथे एक आकडा बघण्यासारखा आहे. अर्धी वाटी कणी म्हणजे साधारण 75 ग्रॅम, म्हणजे 260 कॅलरी. त्याच्या चार वाट्या केल्या तर एका वाटीत आल्या 65. काकांनी दिवसभरात पाच वाट्या प्यायल्या तरी सव्वातीनशे. पडून राहणाऱ्या माणसालाही दिवसाला दीड हजाराच्या आसपास लागतात. वरचं पाणीच गाळून दिलं तर आणखी कमी. म्हणजे पेज पहिल्या दिवसाची. “पोट नाजूक आहे” म्हणून चार दिवस पेजेवर ठेवलेला माणूस चार दिवस जवळजवळ उपाशीच असतो, आणि मग “आजारपणाने किती वाळला” असं आपण म्हणतो. आयुर्वेदातही मंड, पेया, विलेपी असा पातळाकडून घट्टाकडे जाणारा क्रम आहे. पातळावर मुक्काम करायला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मऊ खिचडी. अर्धी वाटी कणी, पाव वाटी मूगडाळ, हळद, जिरं, मीठ, चौपट-पाचपट पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या आणि वरून दोन चहाचे चमचे तूप. याच्या तीनेक वाट्या होतात आणि त्यांत मिळून पाचशेच्या जवळ कॅलरी आणि 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. म्हणजे पेजेच्या वाटीपेक्षा अडीचपट अन्न, तेवढ्याच घासांत. तूप जड पडेल अशी भीती वाटत असेल तर एक चमचा घालावा, पण अजिबात वगळू नये. मधल्या वेळी केळं. तोंडाला चव येण्यासाठी चिमटीभर मेतकूट किंवा बिनतेलाच्या लिंबाच्या लोणच्याची फोड. मेतकुटात हरभराडाळ असते, तेव्हा चमचे भरभरून नको.

तिसऱ्या दिवशी वरण-भात, दुधीची बिनमसाल्याची भाजी, ताक. दुधीचा तुकडा चिरताना जिभेला लावून बघायचा, कडू असला तर सगळा फेकायचा, कारण कडू दुधी निरोग्यालाही लोळवतो. चौथ्या दिवशी फुलका. साधं दूध आठवड्याने, अर्ध्या कपापासून.

बेत चुकतो आहे हे कसं ओळखायचं? खिचडीनंतर पोट फुगलं, पुन्हा एक-दोन पातळ झाले तर एक पायरी मागे, पेज आणि ओआरएस, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. पण सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, पाणीही टिकत नाही, माणूस गुंगीत आहे किंवा मुलाचे डोळे खोल गेलेत, तर पेज-खिचडीचा विचार सोडून दवाखाना गाठावा. लहान मुलांना जुलाबात ओआरएसबरोबर डॉक्टर झिंकही देतात, ते सांगितलेले सगळे दिवस द्यावं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला, कोणी कितीही सांगितलं तरी, मध चाटवू नये.

५. घरात काय ठेवायचं

ज्या घरात मुलं किंवा म्हातारी माणसं आहेत तिथे ओआरएसच्या दोन-तीन पुड्या कायम हव्यात. त्या औषधांच्या डब्यात ठेवाव्यात, गॅसजवळच्या फळीवर नको, कारण तिथे वाफेने आतली पूड ओली होते. पुडी दाबून बघावी. आत खडा झाला असेल, रंग पिवळट-तपकिरी दिसत असेल तर तारीख शिल्लक असली तरी ती टाकावी.

कणी आणि मूगडाळ पाव-पाव किलोच आणावी. घरी कोणी आजारी नसताना कणी तशीच पडून राहते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी डबा उघडल्यावर जाळी लागलेली दिसते. महिना-दोन महिन्यांनी एखाद्या रात्री सगळ्यांनीच मऊ भात खाऊन ती संपवावी आणि नवी आणावी. लाह्या मात्र हवाबंद डब्यात आणि लागल्यावरच.

राहिली शिजवलेली पेज. सकाळी पातेलंभर करून दिवसभर ओट्यावर ठेवायची आणि मागेल तेव्हा गरम करून द्यायची, ही बऱ्याच घरांतली रीत. शिजलेल्या भातात एका जंतूचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात. पातेलं कोमट राहिलं की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्याने होतात त्या उलट्याच. पेज एका वेळी दोन वाट्यांपुरती करावी, उरली तर तासाभरात फ्रिजमध्ये टाकावी, आणि ओट्यावर दुपारपर्यंत राहिलेली पेज आजाऱ्याला तर नाहीच, इतर कोणालाही देऊ नये.